कॅगच्या अहवालाची बातमी: नोंदीचा आरोप होऊ न देता कशी लिहावी

कॅगचा, म्हणजे भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांचा अहवाल बहुतेकदा अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी विधिमंडळाच्या पटलावर येतो. सभागृहात गदारोळ चालू असतो, बाहेर नेते कॅमेऱ्यांसमोर बोलायला लागलेले असतात आणि नव्या बातमीदाराच्या हातात शे-दीडशे पाने पडतात. वेळ असतो दोन-तीन तासांचा. त्या घाईत अहवालातला सर्वांत मोठा आकडा मथळ्यात जातो आणि त्याच्या शेजारी ‘घोटाळा’ हा शब्द बसतो. हे दोन्ही कसे टाळायचे, हे एका खऱ्या अहवालावरून पाहू.

२५ मार्च २०२३ रोजी, अर्थसंकल्पी अधिवेशनाच्या अखेरच्या दिवशी, मुंबई महापालिकेच्या कामांवरचा कॅगचा विशेष अहवाल विधानसभेत मांडला गेला. त्यात २८ नोव्हेंबर २०१९ ते ३१ ऑक्टोबर २०२२ हा काळ होता. कामे ७६ आणि त्यांची एकूण किंमत सुमारे १२,०२३.८८ कोटी रुपये. त्या दिवसापासून ‘बारा हजार कोटींचा घोटाळा’ हे शब्द भाषणांत आणि चर्चांत फिरू लागले. अहवालाने मात्र बारा हजार कोटी बुडाले असे म्हटलेले नव्हते.

पहिले काम: प्रत्येक आकड्यावर चिठ्ठी लावा

अहवाल हातात आला की आधी वही काढा आणि पानभर चार रकाने आखा: रक्कम, ती कशाची आहे, परिच्छेद क्रमांक, पान. ‘ती कशाची आहे’ हा रकाना भरल्याशिवाय एकही आकडा बातमीत घ्यायचा नाही. अर्धा तास जातो, पण नंतर होणाऱ्या बहुतेक चुका इथेच थांबतात.

मुंबईच्या अहवालातले मुख्य आकडे या पद्धतीने असे बसतात. १२,०२३.८८ कोटी ही तपासणीसाठी ठरलेल्या कामांची एकूण किंमत आहे. त्यातले ३,५३८.७३ कोटी कोविडशी संबंधित खर्चाचे. साथरोग कायद्याचा आधार घेऊन महापालिकेने त्याची कागदपत्रे दिली नाहीत, त्यामुळे तो खर्च तपासलाच गेला नाही. वजाबाकी केली की ८,४८५.१५ कोटी उरतात. दोन विभागांनी निविदा न मागवता दिलेली २० कामे २१४.४८ कोटींची. ज्या ६४ कामांत कंत्राटदाराशी करारनामाच झाला नव्हता, ती ४,७५५.९४ कोटींची. गुणवत्ता तपासण्यासाठी त्रयस्थ लेखापरीक्षक न नेमलेली १३ कामे ३,३५५.५७ कोटींची.

आता दुसरा रकाना पुन्हा वाचा. यांतली एकही रक्कम ‘वाया गेलेले पैसे’ नाही. चार हजार सातशे कोटींची कामे करारनाम्याविना झाली, याचा अर्थ तेवढे पैसे कोणी घेतले असा होत नाही. रस्ता झालेला असू शकतो, पूल उभा असू शकतो. आक्षेप असा आहे की करारनामा नसेल तर कंत्राटदाराने काम बिघडवले किंवा अर्धवट सोडले तर महापालिकेला कायदेशीर दाद मागायला आधार राहत नाही. हा धोका खराच आहे आणि वाचकाला तो समजावून सांगण्यात मोठी बातमी आहे. ‘चार हजार कोटी खाल्ले’ असे लिहिले की ती बातमी हातची जाते आणि जे अहवालात नाही ते छापले जाते.

दुसरा सापळा बेरजेचा. २१४.४८, ४,७५५.९४ आणि ३,३५५.५७ यांची बेरीज ८,३२५.९९ कोटी येते. ती ८,४८५ च्या इतकी जवळ जाते की ‘जवळपास सगळाच खर्च गैर’ असे वाटायला लागते. इथे थांबून कामांचीही बेरीज करा. २०, ६४ आणि १३ मिळून ९७ होतात. तपासायची कामे ७६ होती. म्हणजे काही कामे एकाहून अधिक याद्यांत आहेत, नाहीतर मोजण्याची पद्धत वेगळी आहे. काहीही असले तरी ही बेरीज छापता येत नाही. एकाच कामात करारनामाही नव्हता आणि त्रयस्थ तपासणीही नव्हती, तर त्याची रक्कम दोन्हीकडे मोजली जाते. कॅगने स्वतः बेरीज दिली असेल तर ती घ्या, नसेल तर आपण करू नका.

एक बारीक गोष्ट, पण फार जणांना महागात पडलेली: कॅगच्या अहवालात एकाच प्रकरणात एक तक्ता ‘कोटी रुपयांत’ आणि पुढचा ‘लाख रुपयांत’ असतो. तक्त्याच्या डोक्यावर कंसात बारीक अक्षरात ते लिहिलेले असते. ते न वाचता आकडा उचलला तर तो शंभर पटीने चुकतो.

जे तपासले नाही त्याबद्दल काय लिहायचे

कोविड खर्चाचे ३,५३८.७३ कोटी हा या अहवालातला सर्वांत अवघड भाग आहे. कागद दिले नाहीत म्हटले की लपवाछपवीचा वास येतो आणि बातमीदाराच्या मनात निष्कर्ष तयार होतो. पण अहवालाकडे त्या खर्चाबद्दल निष्कर्ष नाही. तो खर्च चुकीचा होता असे कॅगने म्हटले नाही, बरोबर होता असेही म्हटले नाही. बातमीत तीन गोष्टी एकाच परिच्छेदात याव्यात: कागद मागितले होते, ते दिले नाहीत, आणि न देण्याचे कारण महापालिकेने हे दिले. तिसरे वाक्य गाळले की पहिली दोन आपोआप आरोप बनतात.

नमुन्याचेही तसेच. जलयुक्त शिवार अभियानावरचा कॅगचा अहवाल सप्टेंबर २०२० मध्ये विधिमंडळात आला. योजनेवरचा राज्यभरातला खर्च ९,६३३.७५ कोटी होता. कॅगने पाहिली ती सहा जिल्ह्यांतल्या १२० गावांतली १,१२८ कामे. पाण्याबाबत स्वयंपूर्णता आणणे आणि भूजल पातळी वाढवणे यांवर योजनेचा फारसा परिणाम दिसला नाही, असे कॅगने नोंदवले. ‘९,६३३ कोटी पाण्यात’ हा मथळा सुचायला सोपा आहे, पण त्यात १२० गावांवरून पाहिलेली गोष्ट साऱ्या राज्यावर लादली जाते आणि ‘परिणाम कमी’ याचे ‘सगळे वाया’ होते. कोणत्याही अहवालात ‘लेखापरीक्षेची व्याप्ती व पद्धत’ असा भाग सुरुवातीला असतो. किती जिल्हे, किती कार्यालये, किती कामे आणि ती कशी निवडली, हे तिथे मिळते. जास्त धोका दिसणारी कामे मुद्दाम निवडली असतील तर त्यांतल्या टक्केवारीवरून राज्याची टक्केवारी काढणे आणखी चूक. नमुन्याचा आकार बातमीच्या पहिल्या चार परिच्छेदांत आलाच पाहिजे. शेवटी टाकला तर जागेअभावी तोच कापला जातो.

परिच्छेद कसा वाचायचा

सरकारी कार्यालयांत याला ‘ऑडिट पॅरा’ म्हणतात. वरची ठळक ओळ कॅगचा सारांश असते आणि घाईत तेवढीच वाचली जाते. खाली मात्र पाच गोष्टी असतात: नियम काय होता, प्रत्यक्षात काय झाले, त्यामुळे काय परिणाम झाला, विभागाने काय उत्तर दिले, आणि ते उत्तर कॅगला का पटले किंवा पटले नाही. तुमच्या बातमीचा सांगाडा हाच असावा.

विभागाचे उत्तर शोधायला विसरू नका. अहवाल छापून येण्याआधी मोठी देवाणघेवाण झालेली असते. लेखापरीक्षक कार्यालयात बसून आधी लेखी शंका विचारतात, मग निरीक्षण अहवाल जातो, त्यातले गंभीर मुद्दे मसुदा परिच्छेद म्हणून सचिवांकडे जातात. उत्तर पटले तर पॅरा तिथेच गळतो. म्हणून छापील अहवालातला मुद्दा हा पहिल्या झटक्याचा संशय नसतो, आणि तो तसा किरकोळ समजूही नये. पण कधी पॅराच्या शेवटी ‘शासनाचे उत्तर प्रतीक्षेत’ एवढेच असते. तेव्हा ‘सरकारकडे उत्तर नाही’ असे लिहू नका. ‘अहवाल अंतिम होईपर्यंत विभागाचे उत्तर आले नव्हते’ असे लिहा आणि त्याच संध्याकाळी विभागाला फोन करा.

उत्तर असेल आणि ‘उत्तर स्वीकारार्ह नाही, कारण…’ असे पुढे असेल, तर ते ‘कारण’ बातमीत घ्या. दोन बाजूंचे म्हणणे आणि त्यांतला नेमका फरक वाचकाला दिला की तो स्वतः ठरवू शकतो.

नोंद म्हणजे निकाल नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयानेही २०१३ मध्ये अरुणकुमार अग्रवाल प्रकरणात स्पष्ट केले आहे. कॅगचा अहवाल संसदेच्या चर्चेच्या अधीन असतो आणि लोकलेखा समिती त्यावरचा मंत्रालयाचा आक्षेप मान्य करू शकते किंवा अहवाल फेटाळूही शकते, असे न्यायालय म्हणाले. राज्यातही विभागांवरचे मुद्दे विधिमंडळाच्या लोकलेखा समितीपुढे जातात. त्यामुळे ‘कॅगने दोषी ठरवले’ हे वाक्य कधीच बरोबर नसते; कॅगला दोषी ठरवण्याचा अधिकारच नाही.

शब्दांची उतरंड

अहवालात पैशांच्या नुकसानीसाठी वेगवेगळे शब्द ठरवून वापरलेले असतात. ‘टाळता येण्याजोगा खर्च’ म्हणजे वेळेवर निर्णय झाला असता तर करावा लागला नसता असा खर्च. उदाहरणार्थ उशिरा भरलेल्या बिलावरचा दंड. ‘निष्फळ खर्च’ म्हणजे पैसे गेले पण उपयोग झाला नाही. दवाखान्याची इमारत बांधली, वीजजोडणी नाही. ‘निधी अडकून पडणे’ म्हणजे पैसे खात्यात पडून आहेत, गेलेले नाहीत. ‘कंत्राटदाराला अवाजवी लाभ’ म्हणजे कराराबाहेर किंवा नियमाबाहेर जास्त पैसे अथवा सवलत मिळाली. ती कोणी हेतूने दिली की हिशेबाच्या चुकीने, याबद्दल हा शब्द काही सांगत नाही. ‘अपहार’ हा यांतला सर्वांत जड शब्द. कॅगने तो वापरला असेल तरच तुम्ही वापरा, आणि तोही कॅगच्या तोंडी ठेवून.

आपल्या मराठी बातम्यांची अडचण थोडी वेगळी आहे. आपल्याकडे काही क्रियापदे हाताशी तयारच असतात: कॅगने ताशेरे ओढले, ठपका ठेवला, फटकारले, पितळ उघडे पाडले. ‘ठपका’ नेहमी कोणावर तरी ठेवला जातो, म्हणून तो लिहिताच वाचक माणूस शोधू लागतो. ‘पितळ उघडे पडले’ म्हटले की आधी कोणीतरी फसवत होते हे गृहीत धरले जाते. त्याऐवजी ‘नोंदवले’, ‘निदर्शनास आणले’, ‘आक्षेप घेतला’, ‘आढळले नाही’ हे शब्द कोरडे वाटले तरी चालवा. बातमीचे वजन आकड्यांनी आणि तपशिलांनी येते.

‘अनियमितता’, ‘गैरव्यवहार’ आणि ‘भ्रष्टाचार’ हे एकाच अर्थाचे शब्द समजून आलटून-पालटून वापरले जातात. अनियमितता म्हणजे नियम मोडला. गैरव्यवहारात व्यवहार वाईट होता असे म्हटले जाते. भ्रष्टाचारात कोणीतरी लाभ घेतला असे म्हटले जाते. पुनरुक्ती टाळण्यासाठी दुसऱ्या परिच्छेदात शब्द बदलला की आरोप एक पायरी वर चढतो, आणि लिहिणाऱ्याला ते कळतही नाही. इथे पुनरुक्तीच चांगली.

‘कथित’ लावले की सुटलो, हा गैरसमज आहे. ‘कथित घोटाळा’ म्हटल्यावर कोणी कथन केले, हा प्रश्न उरतो. घोटाळा हा शब्द एखाद्या आमदाराचा असेल तर त्याच्या नावाने, अवतरणात, वेगळ्या परिच्छेदात द्या आणि लगेच पुढे लिहा की अहवालात हा शब्द नाही.

अंदाजालाही हेच लागू आहे. २०१० च्या टू-जी स्पेक्ट्रमवरच्या अहवालात संभाव्य महसुली नुकसानीचे वेगवेगळ्या पद्धतींनी काढलेले अनेक अंदाज होते, सुमारे ५७,६६६ कोटींपासून १,७६,६४५ कोटींपर्यंत. लोकांच्या लक्षात राहिला तो फक्त वरचा आकडा, आणि तोही ‘घोटाळ्याची रक्कम’ म्हणून. अंदाज असेल तर दोन्ही टोके द्या आणि तो कोणत्या गृहीतकावर काढला ते एका वाक्यात सांगा.

माणूस आणि काळ

अहवाल बहुधा कार्यालये आणि पदे सांगतो, व्यक्ती सांगत नाही. त्या पदावर तेव्हा कोण होते ते शोधून नाव छापायचा मोह होतो. नाव द्यायचेच असेल तर चार गोष्टी हातात हव्यात: त्या निर्णयाची तारीख, त्या तारखेला ती व्यक्ती त्या पदावर असल्याचा कागद, निर्णयावर तिची सही किंवा मंजुरी, आणि तिचे म्हणणे. यांतली एक जरी नसेल तर पद लिहून थांबा.

मुंबईच्या अहवालात ही काळजी जास्तच लागते. तपासणीचा काळ सुरू होतो तो २८ नोव्हेंबर २०१९ ला, म्हणजे राज्यात महाविकास आघाडीचे सरकार आले त्या दिवशी. आणि तपासणीची विनंती केली ती त्यानंतर आलेल्या सरकारने. दोन्ही गोष्टी सत्य आहेत आणि वाचकाला दोन्ही कळायला हव्यात, हेतूबद्दल एकही शब्द न जोडता. शिवाय महापालिकेत निवडून आलेल्या सभागृहाची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि आयुक्त प्रशासक झाले. म्हणजे एकाच अहवालाच्या काळात आधी स्थायी समितीची मंजुरी आणि नंतर प्रशासकाची मंजुरी, असे दोन वेगळे कारभार येतात. एखादे काम कोणत्या बाजूला पडते हे कार्यादेशाची तारीख पाहिल्याशिवाय सांगता येत नाही. तारीख मिळाली नाही तर ‘सत्ताधाऱ्यांच्या काळात’ असे मोघमपणे लिहू नका.

कंत्राटदार कंपनीचे नाव अहवालात असेल तर तिलाही विचारा. ‘अवाजवी लाभ’ मिळाला म्हणजे कंपनीने मागितला असे होत नाही. दराची चूक कार्यालयाची असू शकते.

विचारायचे कसे

‘कॅगच्या अहवालावर आपली प्रतिक्रिया काय?’ या प्रश्नाला ‘अभ्यास करून सांगू’ एवढेच उत्तर मिळते. प्रश्न एकाच मुद्द्याला धरून लेखी पाठवा. असे: ‘परिच्छेद क्रमांक अमुक, पान अमुक यानुसार ६४ कामांत करारनामा झालेला नव्हता. (१) ही नोंद आपल्याला मान्य आहे का? (२) लेखापरीक्षेला आपण काय उत्तर दिले होते? (३) त्यानंतर किती कामांत करारनामे झाले? (४) यातील कोणत्या कामात दोष किंवा दिरंगाई झाली आणि वसुली किंवा दंड झाला का? आम्ही हे आज रात्री नऊ वाजता प्रसिद्ध करत आहोत. त्यानंतर आलेले उत्तरही जोडू.’ मान्यता की अमान्यता हा प्रश्न पहिला ठेवा, कारण त्याचे उत्तर हो किंवा नाही असते. तिसऱ्या प्रश्नाने तर कधी कधी वेगळीच बातमी मिळते: अहवाल येईपर्यंत दुरुस्ती झालेली असते, किंवा काहीच हललेले नसते.

अहवाल पटलावर येण्याआधी त्याचा मसुदा हाती लागला, तर संपादकांना विचारल्याशिवाय एक ओळही लिहू नका. विधिमंडळात मांडण्याआधी अहवाल फोडणे हा हक्कभंगाचा विषय होऊ शकतो, आणि मसुद्यातला पॅरा अंतिम अहवालात गळून पडलेला असू शकतो. मांडल्यानंतर मात्र परिस्थिती बदलते. विधिमंडळाच्या कामकाजाचे सारतः खरे आणि द्वेषबुद्धीविना दिलेले वृत्त संविधानाचे कलम ३६१-क संरक्षित करते. पण ते संरक्षण कामकाजाच्या वृत्ताला आहे. तुम्ही जोडलेल्या विशेषणाला ते नाही; तिथे भारतीय न्याय संहितेचे कलम ३५६, म्हणजे बदनामी, थेट लागू शकते. अहवालाची मूळ प्रत cag.gov.in वरून उतरवून ठेवा. इंग्रजी आणि मराठी दोन्ही आवृत्त्या मिळाल्या तर वादग्रस्त शब्द दोन्हीकडे पडताळा. भाषांतरात ‘अवाजवी’चे ‘बेकायदा’ झाले असेल तर ते तुमच्या आधी विभागाच्या लक्षात येईल.

सुरुवातीचा परिच्छेद

चुकीचा: ‘मुंबई महापालिकेत बारा हजार कोटींचा घोटाळा झाल्याचे कॅगच्या अहवालातून उघड झाले असून करारनामे न करताच कंत्राटदारांवर हजारो कोटींची खैरात करण्यात आली.’ यात रक्कम व्याप्तीची, शब्द राजकीय भाषणाचा, आणि ‘खैरात’ पूर्णपणे बातमीदाराची.

चालणारा: ‘मुंबई महापालिकेच्या ४,७५५.९४ कोटी रुपयांच्या ६४ कामांत कंत्राटदारांशी करारनामे झालेले नव्हते, असे शनिवारी विधानसभेत मांडल्या गेलेल्या विशेष अहवालात कॅगने नोंदवले आहे. करारनामा नसल्याने कामात कसूर झाल्यास महापालिकेला कायदेशीर कारवाई करणे अवघड जाते, असा कॅगचा आक्षेप आहे. या कामांतून किती नुकसान झाले, हे या नोंदीवरून ठरत नाही.’ यातले तिसरे वाक्य उपसंपादक कापायला जातो. त्याला ते का हवे हे आधीच सांगून ठेवा, आणि मथळाही स्वतः सुचवा: ‘६४ कामे करारनाम्याविना, कॅगचा आक्षेप’. मजकूर जपून लिहिलेला आणि मथळा ‘महाघोटाळा’ असा असेल तर लोक मथळाच वाचतात, आणि न्यायालयातही तोच पुढे ठेवला जातो.

बातमी गेल्यावर त्या पॅराची एक फाइल ठेवा: मूळ पाने, पाठवलेले प्रश्न, आलेली उत्तरे, तारखा. या अहवालानंतर जून २०२३ मध्ये राज्य सरकारने विशेष तपास पथक नेमले. असा टप्पा आला की पुढच्या बातमीत दोन गोष्टी वेगळ्या ठेवा: कॅगने काय नोंदवले होते, आणि तपास यंत्रणा आता कशाची चौकशी करत आहे. पथकाने गुन्हा नोंदवला तर तो पथकाचा निर्णय म्हणून लिहा. ‘कॅगच्या अहवालानुसार गुन्हा’ असे लिहिले की जुनी नोंद मागून आरोप बनते. आणि पुढे लोकलेखा समितीने पॅरा वगळला किंवा विभागाने करारनामे पूर्ण केले, तर तीही बातमी पहिल्या बातमीइतक्याच ठळक जागी द्या आणि इंटरनेटवरच्या जुन्या मजकुरात तारखेसह जोडा.